चार रुपये स्वस्त कापड

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी मे महिना म्हणजे वर्षाची कमाई. जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे. तशाच एका कारखान्याचा मे महिन्याचा हिशेब इथे मांडतो. कारखाना मनातला आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. पण त्यात जे घडतं ते शिलाईच्या धंद्यात बसलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

चाळीस कारागीर. माल एकच, पांढरा शर्ट. महिन्याचा अंदाज होता दहा हजार शर्टांचा. शर्ट तीनशे रुपयांना विकायचा, खर्च दोनशे चाळीस, म्हणजे शर्टामागे साठ रुपये आणि महिन्याला सहा लाख नफा. महिना संपल्यावर मालकांनी खर्चाची बेरीज घातली. अंदाज चोवीस लाखांचा होता, खर्च झाला २३,०१,००० रुपये. नव्व्याण्णव हजार वाचले म्हणून ते खूश झाले. मग नफ्याचा आकडा पाहिला, तर तो होता ४,४४,०००. खर्च कमी होऊनही नफ्यात १,५६,००० रुपयांचा खड्डा पडला होता.

पहिली चूक तुलनेत आहे. अंदाज दहा हजार शर्टांचा होता आणि शिवले गेले नऊ हजार. दहा हजारांच्या खर्चाशी नऊ हजारांचा खर्च ताडून पाहिला तर बचत दिसणारच. शंभर पानांऐवजी नव्वद पानं वाढली की भाजीही कमी लागते. विचारायचं असतं ते हे, की नऊ हजार शर्टांना किती खर्च यायला हवा होता? शर्टामागे दोनशे चाळीस, म्हणजे २१,६०,०००. झाला २३,०१,०००. म्हणजे नव्व्याण्णव हजार वाचले नाहीत, उलट एक लाख एकेचाळीस हजार जास्त गेले.

हा जास्तीचा खर्च कुठे गेला ते शोधण्याची जी पद्धत आहे तिला आपल्याकडची पाठ्यपुस्तकं प्रमाण परिव्यय म्हणतात आणि हिशेबनीस सरळ स्टँडर्ड कॉस्टिंग म्हणतात. तिची पाळंमुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी कारखान्यांत आहेत. चार्टर हॅरिसन या हिशेबतज्ज्ञाने १९११च्या सुमारास अशी संपूर्ण पद्धत पहिल्यांदा बसवली, ती बॉस मॅन्युफॅक्चरिंग या कामगारांचे हातमोजे बनवणाऱ्या कंपनीत. म्हणजे तिथेही कापणं आणि शिवणंच. तोवर हिशेब महिना उलटल्यावर इतकंच सांगायचा की एवढा खर्च झाला. हॅरिसनचा आग्रह होता की किती व्हायला हवा होता ते आधी लिहून ठेवा. मग फरक बोलेल.

आपल्या कारखान्यात ते आधी लिहिलेलं होतं. एका शर्टाला दीड मीटर कापड, मीटरला ऐंशी रुपये, म्हणजे एकशे वीस. कटिंगपासून इस्त्री-पॅकिंगपर्यंत पाऊण तास, तासाला ऐंशी रुपये मजुरी, म्हणजे साठ. वीज, सुया, तेल असे कामाबरोबर वाढणारे वरकड खर्च तासाला वीस रुपये, म्हणजे शर्टामागे पंधरा. आणि भाडं, सुपरवायझरचा पगार, यंत्रांचा घसारा असे काम होवो न होवो लागणारे खर्च महिन्याला साडेचार लाख. ते दहा हजार शर्टांवर वाटले की शर्टामागे पंचेचाळीस. या आकड्यांना प्रमाण म्हणायचं. दीड मीटरमध्ये नेहमीची कतरण धरलेली आहे आणि पाऊण तासात पाणी प्यायला उठण्याचा वेळही. एकही चिंधी पडणार नाही आणि कुणी मान वर करणार नाही असं गृहीत धरून प्रमाण ठरवलं तर ते कधीच गाठलं जात नाही, आणि कधीच न गाठल्या जाणाऱ्या आकड्याकडे महिन्याभरात कुणी बघेनासं होतं.

आता कापड. नऊ हजार शर्टांना साडेतेरा हजार मीटर लागायला हवं होतं, लागलं चौदा हजार चारशे. भाव मात्र ऐंशीऐवजी शहात्तर पडला. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या करणं हेच या पद्धतीचं मुख्य काम. भावाचा परिणाम काढताना जेवढं कापड खरंच घेतलं त्यावर मीटरमागचे चार रुपये मोजायचे: ५७,६०० रुपयांचा फायदा. वापराचा परिणाम काढताना जास्तीचे नऊशे मीटर घ्यायचे आणि त्यांना ठरलेला ऐंशीचा भाव लावायचा: ७२,००० रुपयांचा तोटा. ऐंशीचाच का? कारण कटिंग मास्टरने कापड किती वापरलं हे तपासताना बाजारातला भाव मध्ये येऊ नये. भाव त्याच्या हातात नसतो. पहिल्या फरकाला भाव तफावत म्हणतात, दुसऱ्याला वापर तफावत. नफा वाढवणारी ती अनुकूल, घटवणारी ती प्रतिकूल.

यात एक बारीक मेख आहे. जास्तीचे नऊशे मीटरही चार रुपये स्वस्तच आले होते. त्यांच्यावरचे ३,६०० रुपये भाव तफावतीत जमा झाले आहेत. म्हणजे जे कापड लागायलाच नको होतं, तेही स्वस्तात घेतल्याचं श्रेय खरेदी विभागाला मिळालं. ही रूढ रीत आहे, बहुतेक ठिकाणी चालते, पण ती रीत आहे एवढं लक्षात असू द्यावं.

मजुरीचंही असंच. नऊ हजार शर्टांना ६,७५० तास लागायला हवे होते. पगार दिला गेला ७,३०० तासांचा, तासाला ऐंशीऐवजी ब्याऐंशी रुपयांनी, कारण हंगामात काही अनुभवी कारागीर जास्त रोजावर आणावे लागले. ते दोन रुपये ७,३०० तासांवर, म्हणजे १४,६०० रुपयांची दर तफावत, प्रतिकूल. पण ७,३०० तासांपैकी दोनशे तास शिलाई झालीच नाही. चाळीसही माणसं पाच तास हात बांधून बसली होती. तो वेळ ऐंशीच्या दराने १६,००० रुपयांचा, आणि तो वेगळा दाखवायलाच हवा. नाहीतर तो कारागिरांच्या हळूपणात मिसळतो, आणि ज्या माणसाला कामच दिलं नाही त्याला आळशी ठरवण्यासारखा अन्याय नाही. उरलेले ७,१०० तास खरोखर काम झालं. ठरलेल्यापेक्षा साडेतीनशे तास जास्त, म्हणजे शर्टामागे सव्वादोन-अडीच मिनिटं. त्याचे २८,००० रुपये, ही कार्यक्षमता तफावत.

कामाबरोबर वाढणाऱ्या वरकड खर्चाचं फार बोलायला नको. काम साडेतीनशे तास लांबलं, तेवढा वेळ मोटारी फिरल्या, त्याचे तासाला वीसप्रमाणे सात हजार. आणि वीज गेली तेव्हा जनरेटरला लागलेल्या डिझेलचे वगैरे चार हजार.

स्थिर वरकड खर्चाशी मात्र थांबावं लागतं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. खर्च साडेचार लाखांऐवजी चार लाख बासष्ट हजार झाला, यंत्रांच्या देखभालीचा करार महागला म्हणून. ते बारा हजार समजायला सोपे. पण याशिवाय पंचेचाळीस हजारांची एक प्रतिकूल तफावत निघते, तिला परिमाण तफावत म्हणतात, आणि तिच्यामागे कुणीही एक रुपयासुद्धा जास्त खर्च केलेला नसतो. मग ती आली कुठून? भाडं दहा हजार शर्टांच्या खांद्यांवर वाटलेलं होतं, शर्टामागे पंचेचाळीस. हजार खांदे कमी आले, त्यांच्या वाट्याचे पंचेचाळीस हजार तसेच पडून राहिले. भाडं तेवढंच, उचलणारे कमी.

विक्रीकडे दोन आकडे येतात. शर्ट तीनशेऐवजी तीनशे पाचला गेला, ऐनवेळच्या मागणीमुळे. नऊ हजारांवर पाच रुपये म्हणजे पंचेचाळीस हजार अनुकूल. आणि हजार शर्ट विकलेच गेले नाहीत, त्यांचा साठ रुपयांप्रमाणे साठ हजार नफा हुकला. मागणी होती, माल वेळेत तयार झाला नाही. शाळांनी ते शर्ट दुसरीकडून घेतले.

हे सगळं एका खाली एक लिहिलं की ताळमेळ पत्रक तयार होतं. अंदाजी नफ्यापासून निघायचं आणि प्रत्यक्ष नफ्यापर्यंत चालत जायचं, मध्ये एकही पायरी न गाळता:

अंदाजी नफा: ६,००,०००
विक्री कमी झाली: वजा ६०,०००
विक्रीचा भाव जास्त मिळाला: अधिक ४५,०००
कापडाचा भाव: अधिक ५७,६००
कापडाचा वापर: वजा ७२,०००
मजुरीचा दर: वजा १४,६००
रिकामा वेळ: वजा १६,०००
मजुरीची कार्यक्षमता: वजा २८,०००
बदलता वरकड खर्च, दोन्ही मिळून: वजा ११,०००
स्थिर खर्च वाढला: वजा १२,०००
स्थिर खर्चाचं परिमाण: वजा ४५,०००
प्रत्यक्ष नफा: ४,४४,०००

आता उलट बाजूने तपासू. नऊ हजार शर्टांचे तीनशे पाचप्रमाणे २७,४५,००० आले, खर्च २३,०१,००० झाला. उरले ४,४४,०००. जुळलं. हे जुळणं महत्त्वाचं, कारण एखादा रुपयाही सुटला तर कुठलीतरी तफावत दोनदा धरली आहे किंवा मुळीच धरलेली नाही. नवशिक्या हिशेबनिसाकडून सर्वांत जास्त घोटाळा होतो तो विक्रीच्या ओळीत. कमी विकलेल्या शर्टांवर तो तीनशे रुपये भाव धरतो, नाहीतर शर्टामागचा नफा न धरता खर्च वजा करायला विसरतो, आणि मग पत्रक जुळता जुळत नाही.

पण पत्रक जुळलं म्हणजे काम संपलं असं मानणारे हिशेबनीस मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं. कारण हे पत्रक वरून खाली वाचलं तर ते असं सांगतं: खरेदीवाल्याने शाबासकी मिळवली, कटिंग मास्टरने कापड वाया घालवलं, शिलाईवाले हळू चालले, सुपरवायझरने माणसं बसवून ठेवली. चार ओळी, तीन आरोपी. मीटिंगमध्ये नेमकं हेच होतं.

आता कटिंगच्या टेबलापाशी जाऊ. शहात्तर रुपयांच्या कापडाचा पन्हा चोपन्न इंच होता. नेहमीच्या कापडाचा अठ्ठावन्न. पन्हा चार इंचांनी कमी झाला की तेवढेच भाग बसवायला कापड लांबीला जास्त लागतं. दीड मीटरला अठ्ठावन्नने गुणून चोपन्नने भागा, एक मीटर एकसष्ट सेंटिमीटर येतं. कटिंग मास्टरने शर्टामागे वापरलं एक मीटर साठ. ज्याच्या नावावर बहात्तर हजारांचा तोटा लागला, त्याने खरं तर नुसत्या पन्ह्याच्या हिशेबापेक्षा सेंटिमीटरभर वाचवलंच होतं.

पाच तासांचं कोडंही तिथेच सुटतं. भाग कसे मांडायचे याचा कागदी मार्कर अठ्ठावन्न इंची पन्ह्यासाठी काढलेला होता. तो या कापडावर बसेना. नवा मार्कर काढून पहिली कटिंग खाली उतरेपर्यंत शिलाईची ओळ रिकामी बसली. मग कापडात गाठी आणि दोरा सुटलेल्या जागा निघाल्या. कॉलरला आलेला असा भाग उसवून बदलावा लागला. जास्तीची सव्वादोन-अडीच मिनिटं तिथे गेली.

आता न शिवलेल्या हजार शर्टांचा माग काढता येतो. महिन्याला साडेसात हजार तास मिळायला हवे होते. साडेतीनशे तास संथपणात गेले, दोनशे रिकामे बसण्यात, आणि उरलेले दोनशे लग्नसराईच्या रजांमुळे मिळालेच नाहीत. एकूण साडेसातशे तास, पाऊण तासाला एक शर्ट, म्हणजे बरोबर हजार शर्ट. रजांचा दोष कापडावर घालता येत नाही, पण बाकीचे साडेपाचशे तास कापडाचे. त्यांत सुमारे सातशे तेहतीस शर्ट झाले असते.

असा एक शर्ट हुकला की साठ रुपये नफा जातो, शिवाय त्याने उचलायचे भाड्याचे पंचेचाळीसही जातात. पत्रकात हे दोन आकडे दोन टोकांना आहेत, एक विक्रीखाली आणि एक स्थिर खर्चाखाली, म्हणून ते एकाच शर्टाचे आहेत हे दिसत नाही. एकत्र केले तर शर्टामागे एकशे पाच आणि सातशे तेहतीस शर्टांचे सत्त्याहत्तर हजार. त्यात कापडाच्या वापराचे बहात्तर हजार, मजुरीच्या कार्यक्षमतेचे अठ्ठावीस, रिकाम्या वेळेचे सोळा आणि लांबलेल्या वेळेच्या वरकड खर्चाचे सात हजार मिळवा. बरोबर दोन लाख होतात. सत्तावन्न हजार सहाशे वाचवण्यासाठी.

सगळा संथपणा कापडामुळेच आला असं म्हणणं थोडं धाडसाचं आहे. नवे आलेले कारागीरही रुळेपर्यंत हळू चालतात. म्हणून मी उसवलेल्या कामाच्या चिठ्ठ्या मागवून किती शर्ट परत आले आणि का, ते पाहीन. पण समजा निम्माच संथपणा कापडाचा निघाला, तरी नुकसान एक लाख अठ्ठावन्न हजारांवर येतं, बचतीच्या अडीच पटींहून जास्त.

मग खरेदीवाल्याला धरायचं का? त्याला दिलेल्या कागदावर फक्त भाव होता. दर महिन्याला त्याचं मोजमाप भाव तफावतीवर व्हायचं, आणि त्याने तेच केलं ज्यावर त्याला मोजलं जात होतं. कापडाचा बाजारच उतरला होता का, हेही विचारायला हवं. सगळ्यांनाच तशाच पन्ह्याचं कापड चौऱ्याहत्तरला मिळत असेल तर शहात्तरला घेणं ही बचत नसून महाग खरेदी आहे, आणि जुना ऐंशीचा प्रमाण भाव ते झाकून ठेवतो. वर्षभर न बदललेलं प्रमाण कापडाच्या धंद्यात असंच फसवतं.

परिमाण तफावतीबद्दलही एक धोका सांगून ठेवतो, कारण त्याची झळ मोठी असते. पंचेचाळीस हजारांची ती ओळ प्रतिकूल दिसली की व्यवस्थापकाला वाटतं, पुढच्या महिन्यात जास्त शिवून भरून काढू. जूनअखेर शाळा भरलेल्या असतात, मागणी संपलेली असते. तरीही अकरा हजार शर्ट शिवले तर ती ओळ पंचेचाळीस हजारांनी अनुकूल होते आणि कागदावर नफा वाढतो. शर्ट मात्र गोदामात पडतात आणि त्यांच्या शिवणीत त्या महिन्याचं भाडं गुंडाळून पुढच्या वर्षात जातं. अशा वेळी त्या ओळीशेजारी गोदामातल्या मालाचा आकडा ठेवून वाचावं. दोन्ही एकदम वाढत असतील तर ती कमाई नव्हे.

या सगळ्यात वेळेला फार महत्त्व आहे. भाव तफावत खरेदीच्या दिवशीच काढता येते, कापड वापरून संपेपर्यंत थांबायची गरज नसते. बिल आलं, ऐंशीऐवजी शहात्तर दिसले, की त्याच दुपारी कटिंग मास्टरला ताका उलगडायला सांगायचा आणि टेप लावायची. मीटरमागे चार रुपये स्वस्त कापड पाहिल्यावर कुठलाही जुना मास्टर आधी पन्हाच विचारतो. आपल्या कारखान्यात त्याला विचारलं गेलं ते चौदा हजार चारशे मीटर कापून झाल्यावर.

जूनच्या खरेदीच्या चिठ्ठीवर भावाशेजारी पन्ह्याचा रकाना आला. प्रमाणाच्या तक्त्यातही दोन ओळी झाल्या: अठ्ठावन्न इंचाला दीड मीटर, चोपन्नला एक मीटर बासष्ट, वर एक सेंटिमीटर गाठींसाठी. दुसऱ्या ओळीसमोर हिशेबनिसाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, चौऱ्याहत्तरच्या वर घेऊ नये.